धोंड्याच्या महिन्यात आटवलेली गाय

काढलं नाही तर दूध जातं कुठं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. दहा वर्षांची होते तेव्हापासून मी धार काढते. माहेरी दोन म्हशी होत्या, सासरी गाय आली. कास भरली की रिकामी करायची, एवढंच ठाऊक. भरलेली कास कोणी तशीच सोडून दिली तर पुढं काय होतं, हे बघायची वेळच कधी आली नाही. आमच्याकडे गाय आटवत नसत. ती आपली आपण आटायची. गाभण गाय देईल तोवर काढत राहायचं, लोटा अर्धा झाला तरी काढायचं, आणि एक दिवस तिनं लाथ झाडली की समजायचं, झालं.

आमची गाय तांबूस रंगाची, जर्सीच्या जातीची. कालवड होती तेव्हापासून मी तिला वाढवलेली. पहिलं वेत चांगलं गेलं. दुसऱ्या वेळी वासरू व्हायला वीस दिवस राहिले तरी आम्ही दूध काढतच होतो. वासरू झालं आणि मागच्या उजव्या थानातून पिवळं पाणी आलं, त्यात दह्यासारखे कण. त्या बाजूची कास दगडासारखी लागत होती. औषधं झाली, सुया झाल्या. कास मऊ पडली, पण त्या थानातून नंतर पावशेराच्या वर दूध कधी आलं नाही.

आमच्या मुलीचे बाबा तेव्हा एकच वाक्य बोलले.

"आता अजून एक थान गेलं त मी हे गाय ठेवत नाई."

ते तोंडानं तापट नाहीत. म्हणून ते वाक्य मनात बसून राहिलं. दोन थानांची गाय कोण नेतं आणि कशासाठी नेतं, हे आमच्या बाजाराला जाणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

तिसऱ्यांदा तिला भरवली ती मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी. माझा उपास होता, मांडलेल्या पूजेपुढं नैवेद्य ठेवायचा होता आणि तेवढ्यात गाय गाभण करायची सुई भरणारा माणूस मोटारसायकलवरून आला. म्हणून दिवस पक्का लक्षात राहिला. तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली नाही. गाभण राहिली, असं सासूबाईंनी ठरवलं आणि त्या दिवसापासून बोटांवर महिने मोजायला लागल्या.

आषाढ संपत आला तेव्हा गावात लाळ-खुरकताची लस टोचायला लाखांदूरहून नवीन डॉक्टरीण बाई आल्या. अशी तरुण बाई, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून जनावरांत शिरते, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. पुरुष जनावरं धरून उभे होते. आम्ही बाया ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून लांब होतो. आमच्या गायीची पाळी आली तेव्हा त्यांनी कास दाबून पाहिली, ते बारीक पडलेलं थान दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "हे कधी गेलं?"

मुलीचे बाबा म्हणाले, "मागच्या वेताले."

"आणि आता कितवा महिना?"

आता सासूबाई पुढं झाल्या. त्यांना गर्दीची भीती नाही. "सात झाले. मार्गशीर्षातली हाये."

"दूध किती देते?"

"दोन्ही वख्त मिळून चार लीटर."

"मग आजी, आता बंद करायचं. वासराच्या आधी दोन महिने कासेला विश्रांती पाहिजे. आत दूध तयार करणाऱ्या बारीक बारीक पिशव्या असतात. जुन्या मोडतात, नव्या होतात. त्याला वेळ लागतो. तो दिला नाही, तर पुढच्या वेताला दूध कमी येतं. आणि थानात रोग राहिलेला असेल, तर त्याचा इलाजही त्याच दिवसांत होतो."

"हाव, दोन महिने आधी," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं त आमाले बी समजते."

मला ते खरं वाटलं नाही, कारण मागच्या वेळी वीस दिवस उरले तरी आमचा हात चालू होता. पण सगळ्यांसमोर सासूला खोटं पाडणारी मी नाही. डॉक्टरीण बाई पुढच्या जनावराकडे निघाल्या, तेव्हा मी जरा मागं मागं गेले. त्या थांबल्या. मला काही विचारायचं आहे हे त्यांना कळलं असावं. पण माझ्या तोंडून काही निघेना. त्यांनी लसीच्या कार्डावर नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, "आठवलं की फोन करा, ताई."

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "मंग उद्यापासून बंद कराचं काय?"

"उद्यापासून कायले?" सासूबाई म्हणाल्या. "परवा अवस. मंग लागते धोंडा. धोंड्यात काही नवं करत नाई. श्रावण लागला का पाहू."

त्या वर्षी श्रावण दोन होते. आधीचा अधिक, त्यालाच आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. मग खरा श्रावण. मी म्हटलं, "पण मंग दोन महिने उरतीन काय?"

त्यांनी बोटांची पेरं धरली. "पौष एक, माघ दोन, फागुन तीन, चैत चार, वैशाख पाच, जेठ सहा, आखाड सात. श्रावण आठ, भादवा नऊ. वरचे नऊ दिवस. पितरपाटात जनते ते. लय दिवस हायेत."

"आन धोंडा?"

"धोंडा मोजत नाई, बाई. तो महिना धरतच नाईत."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मलाही तेच बरोबर वाटलं. आम्ही लग्न धोंड्यात करत नाही, घर बांधायला घेत नाही, मुलगी सासरी पाठवत नाही. तो महिना वरचा, जास्तीचा. तो मोजायचा नाही, हे लहानपणापासून कानावर. पण चूल पुसताना एक गोष्ट डोक्यात शिरली आणि जाईना. माणसं धोंडा धरत नाहीत, पण पोटातल्या वासराला ते कोणी सांगितलं?

धानाच्या रोवणीचे दिवस होते. सकाळी सातला पाणी साचलेल्या बांधीत उतरलं की दुपारपर्यंत पाठ सरळ करायची सोय नाही. तरी माझं ध्यान तिकडंच. वाकून रोप लावता लावता मी महिने मोजत होते आणि रांग वाकडी जात होती. शेजारची बाई म्हणाली, "काहून व, आज रोपा लावून राहिली का रांगोळी काढून राहिली?"

शेवटी एका दुपारी घरी कोणी नसताना मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. आमच्याकडे जुनं कॅलेंडर फाडत नाहीत, त्याच्यावरच नवं टांगतात, म्हणून मागच्या वर्षाचं खालीच सापडलं. सुई भरणाऱ्यानं दिलेल्या कार्डावर एक आकडा छापलेला होता: गाय दोनशे ऐंशी दिवसांनी विते, चार-पाच दिवस इकडं-तिकडं. मी सुपात धान घेतलं. मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारनंतरच्या दिवसापासून एका चौकोनाला एक दाणा. दहा झाले की एक ढीग. ढीग अठ्ठावीस झाले तेव्हा बोट ज्या चौकोनावर होतं त्यात बैलाचं चित्र होतं. पोळा.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा पोळाच.

पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी लागतो. त्याच्यात सासूबाईंचे वरचे नऊ दिवस. म्हणजे आमचा हिशेब तीन आठवड्यांहून जास्त पुढं गेला होता. श्रावण लागेपर्यंत थांबलो असतो तर वासराला महिनाच उरला असता, आणि आटवायला आठवडा लागला तर त्याहून कमी. मागच्या वेळेसारखंच झालं असतं. मागच्या वेळी तर धोंडा नव्हता, तेव्हा आम्ही नुसता आळस केला होता.

ढीग परत सुपात लोटताना मला आणखी एक आठवलं आणि हात थांबला. माझी मुलगी झाली त्या वर्षीही धोंडा आला होता. ती आठव्यात झाली असं घरात सगळे म्हणतात. आठव्याची म्हणून तिला सव्वा महिना कोणाच्या हातात दिली नव्हती, मला खोलीबाहेर येऊ दिलं नव्हतं. दवाखान्यातली नर्स मात्र म्हणाली होती, पुरे दिवस भरलेली आहे, तीन किलोच्या वर वजन आहे. आम्हाला वाटलं, ती धीर द्यायला बोलते. इतकी वर्षं मी त्यावर विचारच केला नव्हता.

हे सासूबाईंना सांगायचं कसं? मी आधी फोनचा विचार केला. मुलीच्या बाबांचा फोन खाटेवर पडला होता. नंबर लावला. तिकडून डॉक्टरीण बाई "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणाल्या आणि मी घाबरून फोन ठेवून दिला.

मुलीचे बाबा दुपारी येऊन विसरलेला फोन घेऊन गेले आणि संध्याकाळी शेतातून परत आले ते हसतच. "डॉक्टरबाईचा फोन आला होता. म्हने, तुमच्या घरून फोन आला, गायीले काय झालं? मी म्हटलं काही नाई झालं. गायीनंच लावला असन."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आता सुटका नव्हती. मी भाजी चिरता चिरता, खाली बघूनच सांगितलं. दाणे, ढीग, पोळा, सगळं. मुलीचं शेवटी सांगितलं. "आत्याबाई, पोरीच्या वेळी बी आपन धोंडा सोडूनच मोजलं होतं. ते आठव्यात नोहोती झाली. पुऱ्या दिवसाची होती."

मुलगी अभ्यासाला बसली होती, तिनं वही खाली ठेवली. सासूबाईंनी पुन्हा बोटांची पेरं धरली. या वेळी त्यांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. बराच वेळ लागला.

"मले तवाच वाटलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या, "आठव्याची पोर एवढ्या जोरात रडते कशी."

मुलीचे बाबा म्हणाले, "मंग मले पेढे बी कमी वाटाले लावले होते तुनं, जगते का नाई मनून."

"तू गप बस." मग मला म्हणाल्या, "पन धोंड्यात नवं काम सुरू करत नाई."

त्यांनीच थोड्या वेळानं वाट काढली. "सुरू कुठी करून राहिलो मना? बंद करून राहिलो. बंद कराले कोनाची ना हाये."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला फोन लावून दिला. मी बोलले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पंधरा दिवस गेलेच आहेत, आता एक दिवसही घालवू नका, निदान चाळीस दिवस तरी कासेला मिळाले पाहिजेत. काय करायचं ते त्यांनी सांगितलं आणि मी मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

सरकीची ढेप आणि कोंडा बंद. नुसतं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि थोडं बांधावरचं गवत. खुराक तुटला की दूध आपोआप उतरतं. सासूबाई म्हणाल्या, पाणी पण कमी करू, आमच्या आईकडे तसंच करत. बाईंनी फोनवर जोरात सांगितलं, ते मी न सांगताच सासूबाईंच्या कानापर्यंत गेलं, "पाणी अजिबात तोडायचं नाही." मग संध्याकाळची धार बंद, फक्त सकाळची. तीन दिवस तसं. मग एक दिवसाआड. चार लीटरचं दोनवर आलं, मग दीडवर.

संध्याकाळी रोजच्या वेळेला गाय दाराकडे मान वळवून बघायची. मी बादली घेऊन येत नाही म्हणून हंबरायची. मी तिच्यासमोरून जाणं सोडलं, कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, मागून फिरून विहिरीवर जायला लागले. मला बघितलं की तिच्या थानातून थेंब येत.

शेवटच्या धारेला डॉक्टरीण बाई आल्या. त्यांच्याकडे एक पांढरी थाळी होती, तिला चार वाट्या. एकेका थानाचं थोडं दूध एकेका वाटीत पिळायला सांगितलं. वर जांभळं पाणी टाकून थाळी गोल फिरवली. तीन वाट्यांतलं दूध पातळच राहिलं. चौथ्या वाटीतलं, मागच्या उजव्या थानाचं, घट्ट होत गेलं आणि थाळी कलती केली तर तांदळाच्या पेजेसारखं एकत्र सरकलं. डोळ्यांना ते दूध इतर दुधासारखंच दिसत होतं. मी थाळी हातात घेऊन पुन्हा फिरवून पाहिली. मागचं वासरू झाल्यापासून मी ते दूध बाकीच्या दुधात मिसळत होते.

"रोग आत बसलेला आहे," बाई म्हणाल्या. "दूध चालू असताना औषध टिकत नाही, काढलं की वाहून जातं. आता टिकेल."

मग सगळी थानं शेवटच्या थेंबापर्यंत मी रिकामी केली. त्यांनी प्रत्येक थानाचं टोक स्पिरिटच्या कापसानं पुसलं, दर थानाला वेगळा कापूस. औषधाच्या चार नळ्या होत्या, बारीक चोचीच्या. चोच थोडीशीच आत घालायची, पूर्ण नाही, नाहीतर आतली नाजूक कातडी फाटते. औषध आत गेलं की ते बोटांनी वर चोळायचं. चौथी नळी त्यांनी माझ्या हातात दिली. गाय हलली नाही. शेवटी तपकिरी औषधाच्या छोट्या पेल्यात एकेक थान बुडवलं.

"आता हात लावायचा नाही. तीन-चार दिवस कास फुगेल. टणक होईल. तरी काढायचं नाही."

"मंग ते दूध जाते कुठं?" हे मी विचारलं. मोठ्यानं विचारलं होतं, असं नंतर लक्षात आलं.

"तिच्याच अंगात. रक्त ते हळूहळू परत शोषून घेतं. आणि थानाच्या टोकाला मेणासारखं बूच तयार होतं. ते बसलं की बाहेरचे जंतू आत जात नाहीत. तुम्ही एकदा जरी पिळलंत तरी बूच निघून जातं आणि कासेला वाटतं, अजून दूध पाहिजे. फक्त रोज बघायचं. एखादी बाजू लाल झाली, गरम लागली, दुखली, गाय चारा सोडून उभी राहिली, तर मला बोलवायचं."

मुलीचं दूध तोडलं तेव्हा माझ्याही छातीला लुगड्याची पट्टी बांधली होती. आठवड्यानं सगळं मऊ पडलं. तेव्हाही ते गेलं कुठं हे मी कोणाला विचारलं नव्हतं. कोणाला विचारणार?

तिसऱ्या दिवशी कास अशी तटतटली की गाय मागचे पाय रुंद करून उभी राहायची. सकाळी मी उठून कोठ्यात गेले तर सासूबाई तिच्या पोटाखाली बसलेल्या. लोटा गुडघ्यात धरलेला.

"आत्याबाई, नाई."

"थोडं मोकळं करतो व. जीव कळवळते तिचा. अर्धा लोटा, जास्त नाई."

"काढलं का अजून भरते."

"तुले काय मालूम, तुले एकच पोर. मी सहा जनांना पाजलं. असं भरलं का कसं दुखते ते मले मालूम हाये."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी जाऊन त्यांच्याशेजारी उकिडवी बसले आणि त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता. मग तोच हात कासेवर ठेवला, थानावर नाही, वरच्या बाजूला. "पाहा, गरम हाये काय?"

त्यांनी तळवा फिरवला. उलटा हात लावून पाहिला, लेकरांचा ताप बघतात तसा.

"गरम नाई."

"लाल?"

"नाई."

"मंग उद्या पाहू."

त्या लोटा घेऊन उठल्या. चौथ्या दिवशी तशीच. पाचव्या दिवशी मागची बाजू जराशी सैल वाटली. मी दर सकाळी दोन बोटं रुतवून बघायची, जसं भाकरीचं मळलेलं पीठ बघतो. दहाव्या दिवशी कास सुरकुतली, रिकाम्या पिशवीसारखी. इतकं दूध, थेंब बाहेर न येता, गेलं. मला त्याचं फार नवल वाटलं. मुलीला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "आई, ही तर बिमार दिसते." मी म्हटलं, "नाही, आराम करते."

त्यानंतर घरात वाद झाला तो खुराकाचा. मुलीच्या बाबांचं म्हणणं, दूध नाही तर ढेप कशाला, बैलांबरोबर तणीस खाऊ द्या. सासूबाईंचं उलट. पोटुशी आहे, तिला भरपूर द्या, दोन टोपल्या ढेप, गूळ, जे मागेल ते. बाईंनी दोघांनाही नाही सांगितलं. वासरू शेवटच्या दोन महिन्यांतच जास्त वाढतं, म्हणून उपाशी ठेवायचं नाही. पण गाय चरबीनं भरली तर वितानाही त्रास आणि व्यायल्यानंतरही तिची भूक मरते. शेवटच्या फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांत भरायला नको. म्हणून कास सुकल्यावर रोज किलोभर खुराक, बाकी हिरवा चारा आणि तणीस. शेवटचे तीन आठवडे राहिले की थोडा थोडा वाढवत न्यायचा. वासरू झाल्यावर जो खुराक लागणार, त्याची पोटाला आधीच सवय व्हावी म्हणून.

मुलीच्या बाबांनी तोवर दुकानातून कॅल्शियमची मोठी बाटली आणून ठेवली होती. गावात सगळे देतात, वासराच्या आधी महिनाभर. बाई म्हणाल्या, ती वासरू झाल्यावर. आधीच बाहेरून मिळत गेलं तर तिच्या हाडांतलं काढायची अंगाची सवय मोडते, आणि व्यायल्यावर दूध उतरलं की ती थंड पडून बसते.

"औषध बी उलटं काम करते काय?" ते म्हणाले, पण बाटली त्यांनी फळीवर उंच ठेवली.

पाऊस लागला होता. कोठ्यात चिखल. मागच्या वेळी ती अशाच चिखलात कास टेकवून बसायची, हे आता आठवलं. मी आणि सासूबाईंनी दोन दिवस टोपल्यांनी मुरूम टाकला, मूत वाहून जायला नाली उतरती केली, वर कोरडं तणीस अंथरलं. ओलं झालं की काढायचं, नवं टाकायचं. वासराच्या आधीचे शेवटचे दहा-बारा दिवस कास पुन्हा भरायला लागली, तेव्हा मी ते तपकिरी औषध आणून रोज थानं बुडवत होते, कारण तेव्हा बूच सैल होतं असं बाईंनी सांगितलं होतं. थान थेंबायला लागलं तरी पिळायचं नाही. सासूबाई आता स्वतःच कोठ्याच्या दारात बसून राहायच्या, कोणी आलं गेलं तर सांगायच्या, "हात नोका लावू तिले."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरत होती आणि आमची गाय सकाळपासून उठबस करत होती. दुपारी बाराच्या सुमारास वासरू झालं. कालवड, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. औषधाच्या नळ्या दिल्यापासून एकेचाळीस दिवस झाले होते.

वासरू चाटून झालं, उभं राहायला धडपडायला लागलं, तेव्हा मी बसले. मुलीचे बाबा समोर उभे राहिले. काळं कापड बादलीवर ताणून धरलं आणि प्रत्येक थानाच्या पहिल्या दोन-चार धारा त्यावर मारल्या, कण असतील तर दिसावेत म्हणून. पुढचं डावं. चीक आला, घट्ट, हळदीच्या रंगाचा, स्वच्छ. पुढचं उजवं, तसंच. मागचं डावं, तसंच. आता ते चौथं. आधी काही आलं नाही. दोनदा दाबलं. मग एक बारीक पिवळी धार आली. कापडावर कण नव्हते, पाणी नव्हतं. धार बाकीच्यांच्या निम्मीच होती, पण ती चिकाचीच होती.

मुलीच्या बाबांनी वाकून कापड पाहिलं. वासराला उचलून त्या थानाशीच आणलं आणि त्याच्या तोंडात दिलं.

आठव्या दिवशी डॉक्टरीण बाई आल्या. पहिले दिवस चिकाचे, तेव्हा थाळीत खरं दिसत नाही म्हणून त्या थांबल्या होत्या. चार वाट्या, जांभळं पाणी. तीन पातळ. चौथी मी डोळे बारीक करून पाहिली. थोडी लोळली, पण मागच्यासारखी एक झाली नाही. बाई म्हणाल्या, "तीन थानं निरोगी. चौथ्यातला रोग बराच उतरला, पण त्याची ताकद पूर्ण येणार नाही. निम्मं दूध देईल. तेवढ्यावर समाधान माना. आणि याचं दूध अजून चार दिवस वेगळं ठेवा, मी पुन्हा बघते. बाकीचं डेअरीत घालायला हरकत नाही."

मुलीचे बाबा खुंट्याजवळ उभे होते. बाई निघाल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. गाय ठेवायची ना, एवढंच मला विचारायचं होतं. त्यांनी गायीच्या गळ्यातली दोरी पाहिली. ती एका जागी तुटायला आली होती.

"नवीन दोर आनाले लागते," ते म्हणाले. "हे किती दिवस टिकन?"

ते सायकल घेऊन बाहेर पडले. सासूबाई म्हणाल्या, "जाडा आनजो रे, चांगला. तीन-चार वर्स पुरला पायजे."